रोखलेली सेटलमेंट सोडवणारे पत्र

ग्राहकांचे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट गेटवेने सेटलमेंट, म्हणजे विक्रेत्याच्या खात्यात जमा करायची रक्कम, रोखली की विक्रेत्याच्या पहिल्या पत्रात बहुधा दोनच गोष्टी असतात: माझे पैसे अडकले आहेत आणि मी प्रामाणिक आहे. दोन्ही खऱ्या असतात, पण पत्र वाचणाऱ्या रिस्क विभागाच्या माणसाला त्यांचा उपयोग नसतो. त्याच्यासमोरचा प्रश्न वेगळाच आहे: ही रक्कम आज सोडली आणि उद्या ग्राहकांनी बँकेकडे तक्रारी केल्या, तर भरपाई कोणाच्या खिशातून जाईल? ग्राहकाची तक्रार मान्य झाली की बँक पैसे परत घेते, त्यालाच चार्जबॅक म्हणतात. ही वसुली आधी विक्रेत्याकडून होते, आणि विक्रेत्याच्या खात्यात शिल्लक नसेल तर तो भार गेटवेवर व त्याच्या बँकेवर येतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक वादांसाठी सर्वसाधारणपणे 120 दिवसांची मुदत आहे, आणि वस्तू मिळालीच नाही अशी तक्रार असेल तर ती अपेक्षित डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे पैसे जमा झाल्यावरही कित्येक महिने गेटवेच्या डोक्यावर ही जोखीम असते. विक्री एकाएकी वाढली, सरासरी ऑर्डरची रक्कम फुगली, मालाचा प्रकार बदलला, किंवा बँक खात्यावरचे नाव केवायसीशी जुळले नाही, की सेटलमेंट थांबते.

त्यामुळे या पत्राचे काम एकच: अडकलेल्या एकूण रकमेपैकी नेमक्या किती रकमेवर खरोखर जोखीम उरली आहे, हे ऑर्डरच्या नोंदींवरून दाखवणे.

एक प्रकरण घेऊ. समजा, सवलतीच्या विक्रीत नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त ऑर्डर आल्या आणि गेटवेने 300 ऑर्डरींचे 6,00,000 रोखून धरले. विक्रेत्याने प्रत्येक ऑर्डर तपासली. 240 ऑर्डरींचा माल पोहोचला आहे आणि कुरिअरची पोहोच हाताशी आहे. त्यांची रक्कम 4,70,000. 36 ऑर्डरी वाटेत आहेत, रक्कम 80,000. 15 ऑर्डरींचे 30,000 गेटवेमार्फतच रिफंड झाले आहेत. 3 ऑर्डरींवर वाद चालू आहे, रक्कम 6,000. उरलेल्या 6 ऑर्डरींची, म्हणजे 14,000 ची, पोहोच सापडत नाही. ही शेवटची ओळ लपवण्याचा मोह होतो, तो टाळावा. जे सापडले नाही ते विक्रेत्याने आपणहून वेगळे काढून दाखवले, तर पोहोच असलेल्या 240 ओळींवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि तपासताना त्याला स्वतःला एक जरी खोटी ओळ सापडली तरी सगळा तक्ताच बाजूला पडतो.

पत्राला जोडायच्या तक्त्यात एका ऑर्डरला एक ओळ असावी. तीत ऑर्डर क्रमांक, गेटवेचा पेमेंट आयडी, पैसे जमा झाल्याची तारीख, रक्कम, कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक, पोहोचल्याची तारीख आणि सद्यस्थिती एवढे पुरते. यातला पेमेंट आयडी सर्वांत महत्त्वाचा, कारण दुकानाचा ऑर्डर क्रमांक गेटवेच्या यंत्रणेत शोधून सापडेलच असे नाही, आणि पेमेंट आयडी मात्र त्यांना लगेच उघडता येतो. ग्राहकाने एकदा पैसे भरताना अपयश आल्यावर पुन्हा प्रयत्न केला असेल, तर एकाच ऑर्डरला दोन पेमेंट आयडी असतात. त्यांतला यशस्वी झालेला आयडीच तक्त्यात यायला हवा. संपूर्ण कार्ड क्रमांक कोठेही लिहू नये.

इथे एक छोटी पण फार नुकसान करणारी अडचण सांगतो. रिफंडच्या नोंदीत बँकेचा 23 अंकी संदर्भ क्रमांक असतो, ज्यावरून ग्राहकाची बँक तो रिफंड शोधू शकते. गेटवेच्या डॅशबोर्डवरून उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की तो क्रमांक असा दिसू लागतो:

```
7.48522E+22
```

एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच जपते. पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात, आणि फाइल एकदा जतन केली की मूळ अंक परत मिळत नाहीत. म्हणून फाइल आयात करताना तो स्तंभ मजकूर म्हणून निवडावा, आणि पत्र पाठवण्यापूर्वी दोन-चार क्रमांक डॅशबोर्डशी अंक-अंक ताडून पाहावेत. निकामी क्रमांकांचा तक्ता गेला तर झालेला रिफंडही झाला नाही असे वाटू शकते.

रिफंडाबद्दल आणखी एक गोष्ट. रक्कम अडकलेली असताना ग्राहक तगादा लावतो आणि विक्रेता आपल्या खात्यातून परस्पर पैसे पाठवतो. गेटवेच्या दृष्टीने तो रिफंड झालेलाच नसतो. मूळ पेमेंट तसेच उभे राहते आणि त्यावर चार्जबॅक आला तर पैसे दोनदा जातात. रिफंड मूळ पेमेंट आयडीवरूनच करावा. रोखलेल्या शिलकीतून तो होत नसेल, तर तेवढीच मुभा पत्रात वेगळी मागावी.

आता मागणी. ‘सर्व रक्कम तातडीने सोडावी’ या वाक्याला ‘नाही’ म्हणणे अगदी सोपे असते. त्याऐवजी मागणीचे भाग पाडावेत. आपल्या प्रकरणात रिफंडाचे 30,000 आणि गेटवेचे शुल्क व त्यावरचा कर मिळून समजा 14,000 वजा केले, तर विक्रेत्याचे 5,56,000 येणे निघते. पत्रातला परिच्छेद असा लिहिता येईल:

‘सोबतच्या तक्त्यातील 240 ऑर्डरींची पोहोच जोडली आहे. त्यांच्या 4,70,000 मधून आपले संपूर्ण शुल्क व कर 14,000 आणि दहा टक्के राखीव रक्कम 47,000 वजा करून 4,09,000 आमच्या नोंदणीकृत खात्यात सोडावेत, ही विनंती. राखीव रक्कम प्रत्येक ऑर्डर पोहोचल्यापासून 120 दिवसांनी मुक्त व्हावी. वाटेतील 80,000 पोहोच सादर होताच ऑर्डरनिहाय सोडावेत. वादातील व पोहोच न सापडलेल्या ऑर्डरींचे 20,000 निर्णय होईपर्यंत आपल्याकडेच राहण्यास आमची हरकत नाही. रोखण्याचे कारण, करारातील संबंधित कलम आणि आजची शिल्लक लेखी कळवावी.’

राखीव रक्कम स्वतःहून देऊ करण्यास अनेकांचा विरोध असतो. माझ्या मते ती द्यावी, कारण त्याने चर्चा पैसे सोडावेत की नाही यावरून किती टक्के राखून ठेवावेत यावर येते.

पोहोचीला मात्र एक मर्यादा आहे. ‘वस्तू मिळाली नाही’ या तक्रारीला ती उत्तर देते, पण ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असे कार्डधारक म्हणाला तर केवळ पोहोच पुरत नाही. तिथे व्यवहार थ्री-डी सिक्युअरने, म्हणजे कार्डधारकाच्या बँकेच्या पडताळणीने, पार पडला होता का हे पाहिले जाते. पडताळणी झालेली असेल तर अशा फसवणुकीचा भार बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. म्हणून तक्त्यात त्याचा एक स्तंभ वाढवावा. पडताळणी न झालेल्या ऑर्डरी जास्त असतील, तर गेटवे दहा टक्क्यांवर राजी होणार नाही, आणि त्याचे कारण रास्त असेल.

पत्र गेल्यावर तक्ता जिवंत ठेवावा. वाटेतल्या 36 ऑर्डरी जसजशा पोहोचतील तसतशा त्या ओळी बदलून, त्याच तक्रार क्रमांकाखाली नवी प्रत पाठवावी आणि विषयात त्या प्रतीची तारीख घालावी, म्हणजे आपले प्रकरण हाताळणारा माणूस बदलला तरी ताजा तक्ता कोणता हे त्याला विचारावे लागणार नाही.