सात पानांचं झाड

२०११ च्या ऑगस्टमध्ये इराणमधल्या एका माणसाला जीमेल उघडताना क्रोम ब्राउझरनं इशारा दिला. संकेतस्थळाची ओळख पटवणारं जे प्रमाणपत्र समोर आलं, ते गूगलचं म्हणून दाखवलं जात होतं, पण ते गूगलनं मागितलेलंच नव्हतं. ते दिलं होतं नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या प्रमाणपत्रं देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेनं, कारण त्या यंत्रणेत कुणीतरी घुसलं होतं. प्रमाणपत्रावर तारीख होती १० जुलै. म्हणजे दीड महिन्याहून जास्त काळ 'आम्हीच गूगल' असं सांगणारा खोटा कागद फिरत होता आणि खुद्द गूगलला त्याचा पत्ता नव्हता. सप्टेंबरमध्ये डिजिनोटारचं दिवाळं निघालं.

यातून एक साधा विचार पुढे आला: निघालेलं प्रत्येक प्रमाणपत्र एका उघड्या वहीत नोंदवायचं. मग आपल्या नावावर कुणी काय काढलंय, हे ज्याचं त्याला पाहता येईल. सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी म्हणतात ती हीच योजना. तिचा मसुदा २०१३ मध्ये आरएफसी ६९६२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाला. आता अडचण बघा. वहीत कोट्यवधी नोंदी आहेत. वही सांभाळणारा म्हणतो, 'तुमची नोंद आहे हो आत.' त्याच्या शब्दावर विश्वास न ठेवता आणि पूर्ण वही न उतरवून घेता हे तपासायचं कसं?

याची युक्ती संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्येच पेटंटच्या अर्जात मांडली होती, तीही वेगळ्याच कामासाठी, डिजिटल सह्यांसाठी. तिला लागतो फक्त हॅश, म्हणजे मजकुरावरून गणितानं काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. एसएचए-२५६ या हॅशमध्ये तुम्ही एक ओळ घाला किंवा अख्खा ग्रंथ घाला, बाहेर पडतात ३२ बाइट. मजकुरातला एक काना बदलला तरी ते ३२ बाइट ओळखू येणार नाहीत इतके बदलतात. आणि तोच हॅश देणारा दुसरा मजकूर शोधून काढणं आजवर कुणाला जमलेलं नाही. पुढचं सगळं या शेवटच्या वाक्यावर उभं आहे.

मघाशी पहिल्या रांगेतून प्रश्न आला, की मग सगळ्या वहीचा मिळून एकच हॅश काढला तर काय बिघडलं? बिघडत काही नाही, पण तो पडताळायला पुन्हा सगळी वहीच हातात लागते. म्हणून हॅश एकदम न काढता जोडीजोडीनं काढायचा.

फळ्यावर सात नोंदी घेऊ. त्यांच्या हॅशना क, ख, ग, घ, च, छ, ज म्हणू. ही आपली पानं. क आणि ख शेजारी ठेवून त्यांचा मिळून हॅश काढला, त्याला कख म्हणू. तसेच गघ आणि चछ. ज एकटा उरला, तो तसाच वरच्या मजल्यावर जाईल. तिथे कख आणि गघ मिळून कखगघ होतो, चछ आणि ज मिळून चछज. या दोघांचा हॅश म्हणजे मूळ. हे झाड उलटं आहे, मूळ वर आणि पानं खाली. अश्वत्थाचा दृष्टान्त ऐकत वाढलेल्यांना याचं नवल वाटायला नको.

समजा तुमची नोंद घ आहे. मूळ तुमच्याकडे आधीपासून आहे. वहीवाला तुम्हाला नोंदीचा क्रमांक आणि तीनच हॅश देतो: ग, कख आणि चछज. तुम्ही स्वतःच्या नोंदीचा हॅश काढता, तो झाला घ. डावीकडे ग लावून गघ काढता. त्याच्या डावीकडे कख लावून कखगघ. उजवीकडे चछज लावला की हाती मूळ येतं. ते तुमच्याजवळच्या मुळाशी जुळलं तर नोंद आत आहे. बाकीच्या सहा नोंदी तुम्ही पाहिल्याही नाहीत. नोंद आत नसताना वहीवाल्याला तुम्हाला फसवायचं असेल, तर कुठल्यातरी पायरीवर दुसऱ्या मजकुरातून तोच हॅश आणावा लागेल, आणि ते तर जमत नाही.

नोंदी दुप्पट झाल्या की मजला एकच वाढतो. त्यामुळे सुमारे १०७ कोटी नोंदींच्या वहीत लागतात ३० हॅश, म्हणजे ९६० बाइट. याच वहीतले नुसते पानांचे हॅश उतरवून घ्यायचे तर ३४ जीबी लागतील.

आता तो एकटा उरलेला ज. मला या विषयातला सगळ्यात शिकवणारा भाग हाच वाटतो. बिटकॉइनमध्येही प्रत्येक ब्लॉकमधल्या व्यवहारांचं असंच झाड असतं, पण तिथे मजल्यावर एकटा उरलेला हॅश वर न पाठवता त्याची स्वतःशीच जोडी लावतात. निरुपद्रवी वाटतं ना? सहा व्यवहार घ्या. पहिल्या मजल्यावर तीन हॅश होतात: १२, ३४, ५६. शेवटचा एकटा, म्हणून ५६ दोनदा घेतला. आता कुणी खोडसाळपणे आठ व्यवहारांची यादी केली, शेवटचे दोन पुन्हा लिहून: १, २, ३, ४, ५, ६, ५, ६. पहिला मजला १२, ३४, ५६, ५६. पुढचं सगळं तेच, मूळही तेच! दोन वेगळ्या याद्या आणि मूळ एक, तेही हॅश न फोडता. ही खोट २०१२ मध्ये उघड झाली. हल्ला असा, की खऱ्या ब्लॉकची ही दुबार नोंदींची आवृत्ती आधी पाठवायची. संगणक ती चुकीची म्हणून नाकारतो आणि 'या ओळखीचा ब्लॉक बाद' असं लिहून ठेवतो. मागून खरा ब्लॉक येतो, मूळ तेच असल्यानं त्याची ओळखही तीच, म्हणून तोही बाद. उपाय म्हणून आता अशी दुबार जोडी दिसली की ती वेगळी ओळखून टाकून देतात.

दुसरी फट याहून सूक्ष्म आहे. क आणि ख शेजारी ठेवले की ६४ बाइट होतात. कुणी ते ६४ बाइटच 'ही माझी नोंद' म्हणून पुढे केले, तर त्यांचा हॅश कख येतो आणि एक पायरी कमी असलेला पुरावा बिनबोभाट जुळतो. वहीत कधीच नसलेली नोंद 'सिद्ध' होते. म्हणून आरएफसी ६९६२ मध्ये पानाचा हॅश काढताना आधी 00 हा बाइट लावतात आणि आतल्या सांध्याचा, म्हणजे कखसारख्या जोडीचा, काढताना 01. एका बाइटनं पान आणि सांधा कायमचे वेगळे होतात.

आणि वहीवाल्यानं जुनी नोंदच बदलली तर? वहीत चारच नोंदी होत्या तेव्हाचं मूळ तुम्ही जपून ठेवलंय असं धरा. ते मूळ म्हणजेच कखगघ. आज सात नोंदी आहेत. वहीवाल्यानं तुम्हाला फक्त चछज द्यायचा. तुमचं जुनं मूळ आणि हा हॅश मिळून आजचं मूळ आलं, तर पहिल्या चार नोंदींना कुणी हात लावलेला नाही.

मात्र हे सगळं मुळापाशी येऊन थांबतं. वहीवाल्यानं तुम्हाला एक मूळ दाखवलं आणि मला दुसरं, तर आपापले पुरावे दोघांचेही चोख जुळतील. लबाडी कळेल ती आपण दोघांनी मुळं ताडून पाहिली तरच. शिवाय नोंद आत आहे एवढंच झाड सांगतं, ती खरी आहे असं नाही. डिजिनोटारचं ते प्रमाणपत्र वहीत असतं तरी खोटंच राहिलं असतं, फक्त गूगलच्या नजरेस लवकर पडलं असतं.

तुमचा ब्राउझर दर वेळी हे तीस हॅश मागत असेल असं वाटलं असेल, तर तसं होत नाही. 'कोणत्या नोंदीचा पुरावा हवा?' या प्रश्नाचं उत्तर देणं म्हणजे तुम्ही कुठल्या संकेतस्थळावर गेलात, ते वहीवाल्याला सांगणं. म्हणून ब्राउझर सहसा प्रमाणपत्रासोबत आलेली वहीवाल्याची सही तपासतो. ती सही म्हणजे नोंद आत घेण्याचं वचन, आणि ते पाळायला साधारण २४ तासांची मुदत असते. वचन पाळलं की नाही, हे झाडात शिरून बघण्याचं काम नोंदी चाळत बसणारे वेगळे तपासनीस करतात.