बिनसाखरेची कॉफी आणि सकाळचा नाश्ता

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात कुणाला मधुमेह निघाला की पहिली कुऱ्हाड चहा-कॉफीतल्या साखरेवर पडते, आणि ती योग्यच आहे. पण साखर सोडून दोन-तीन महिने झाले तरी नाश्त्यानंतरची शुगर दोनशेच्या वरच राहते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. "कॉफी बिनसाखरेचीच पितो, मग वाढते कशानं?" असा त्यांचा प्रश्न असतो. कधी कारण पोह्यांच्या ताटलीत असतं, कधी गोळीच्या वेळेत असतं. पण पुष्कळदा ते त्या बिनसाखरेच्या कपातही असतं. आज त्या एका कपाबद्दल बोलू.

आधी दूध बघा. घरची झटपट कॉफी आपल्याकडे बहुतेक निव्वळ दुधातच होते, तीही म्हशीच्या. गाईचं घ्या की म्हशीचं, १०० मिलीलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम दुधातली नैसर्गिक साखर असते. १५० मिलीलिटर दुधाचा कप म्हणजे साडेसात ग्रॅम, जवळजवळ दीड चमचा. दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश असल्यामुळे ही साखर चमच्याच्या साखरेसारखी झटकन चढत नाही. तरी दिवसाला असे चार कप झाले की ३० ग्रॅम कर्बोदकं हिशेबाबाहेर पोटात जातात. डॉक्टरांना आपण जेवण सांगतो, हे सांगत नाही. म्हणून कपात दूध ५० मिलीलिटरपर्यंत ठेवा आणि बाकी डिकॉक्शन व गरम पाणी घाला. घरातल्या औषधाच्या मापानं एकदा मोजून बघा. आपण "थोडंसं दूध" म्हणतो ते बहुधा त्याच्या दुप्पट निघतं.

पुडीतलं तयार मिश्रण, ज्यात नुसतं गरम पाणी ओतायचं असतं, त्यात साखर आधीच घातलेली असते आणि बऱ्याचदा तोच त्यातला सगळ्यात मोठा घटक असतो. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते. पहिलं नाव साखरेचं असेल तर पाकीट खाली ठेवा. कचेरीतल्या बटणाच्या मशीनमध्येही अशीच पावडर असू शकते. तेव्हा "साखर घालू नका" म्हणून उपयोग नाही, पावडर कुठली आहे ते विचारावं लागतं. उडपी हॉटेलात काही ठिकाणी सकाळच्या गर्दीत दुधातच साखर घालून ठेवतात. ऑर्डर देतानाच "सक्करी ब्याड" म्हणून सांगा, दूध वेगळं मिळेल का विचारा, आणि एक घोट घेऊन गोड लागलं तर परत करा. बाय-टू मागवण्याची आपल्याकडची पद्धत इथे फार कामाची आहे. गुळाच्या कॉफीची मात्र मनाला समजूत घालू नका. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच.

आता कॉफीच्या आतली गोष्ट, कॅफिन. कॅफिन शरीरात गेलं की अॅड्रिनलिन वाढतं आणि त्या काही तासांत स्नायू इन्सुलिनला नेहमीसारखी दाद देत नाहीत. जेवणातून आलेली साखर मग रक्तात जास्त वेळ रेंगाळते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २००८ साली टाइप-२ मधुमेह असलेल्या, रोज कॉफी पिणाऱ्या १० जणांवर एक छोटा अभ्यास झाला. त्यांना नाश्ता आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी २५०-२५० मिलिग्रॅम कॅफिन गोळीतून दिलं, तर दिवसाची सरासरी शुगर साधारण साडेसात टक्क्यांनी चढली. त्या गोळीत दूधही नव्हतं, साखरही नव्हती. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठानं २०२० मध्ये निरोगी लोकांवर काम केलं. सकाळी आधी कडक काळी कॉफी आणि मग ग्लुकोजचं पेय, असा क्रम ठेवला तेव्हा शुगरची चढ जवळपास निम्म्यानं वाढली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कॉफी पिणाऱ्यांमध्ये मधुमेह कमी आढळतो, असं तुम्ही वाचलं असेल. ते खरं आहे, पण ती निरीक्षणं मधुमेह अजून न झालेल्या लोकांची आणि अनेक वर्षांची आहेत. ज्याला मधुमेह आहे त्याच्या आजच्या नाश्त्यानंतर काय होईल, हा प्रश्न वेगळा आहे. आणि तो माणसागणिक बदलतो. कुणाची शुगर कॉफीनं तीस-चाळीसनं उडी घेते, कुणाची हलत नाही.

म्हणून सगळ्यांसाठी एकच नियम देण्यापेक्षा स्वतःच्या ग्लुकोमीटरवर तपासून घ्यावं, असं आमचं मत आहे. त्याला १२ पट्ट्या आणि ६ सकाळी लागतात. सहाही दिवस नाश्ता अगदी तोच ठेवा, उदाहरणार्थ एक वाटी उप्पीट आणि एक उकडलेलं अंडं, किंवा अंडं चालत नसेल तर वाटीभर मोडाची उसळ. गोळ्या त्याच, फिरणं तेवढंच. तीन दिवस कॉफी उठल्या-उठल्या, उपाशीपोटी घ्या. तीन दिवस तीच कॉफी, त्याच मापाची, नाश्ता संपल्यावर तासाभरानं घ्या. हे दिवस आलटून-पालटून ठेवा. पहिली पट्टी उठल्यावर, काहीही पोटात जाण्याआधी. दुसरी नाश्त्याच्या पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी. त्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा, कारण बोटाला केळ्याचा किंवा गुळाचा अंश राहिला तर आकडा खोटा येतो. रात्री झोप मोडली असेल तर तो दिवस सोडून द्या, कमी झोपेनंही शुगर चढते.

समजा एका गृहस्थांचे आकडे असे आले. उपाशीपोटी कॉफीच्या दिवशी १२८ वरून २१४, १२२ वरून २०६, १३१ वरून २२१. म्हणजे चढ ८६, ८४ आणि ९०. नाश्त्यानंतर कॉफीच्या दिवशी १२६ वरून १८८, १३० वरून १९५, १२४ वरून १८४. म्हणजे चढ ६२, ६५ आणि ६०. दोन्हीकडे दूध तेवढंच, उप्पीट तेवढंच, आणि तरी सरासरी २४ चा फरक. महत्त्वाचं म्हणजे तिन्ही दिवस फरक एकाच बाजूला आहे. या गृहस्थांनी उपाशीपोटीची कॉफी सोडावी, हे उघड आहे. जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत असावा असं साधारण धरतात, त्यामुळे उप्पिटाची वाटीही थोडी लहान करावी लागेल. पण तुमच्या आकड्यांत फरक पाच-दहाचाच असेल, कधी इकडे कधी तिकडे, तर त्यातून काही ठरवू नका. घरच्या मीटरचा आकडा १५ टक्क्यांपर्यंत पुढे-मागे असू शकतो. अशा वेळी तुमच्या शुगरला कॉफीच्या वेळेनं विशेष बाधा होत नाही, असं समजायला हरकत नाही.

नाश्त्यानंतर तासाभराचं अंतर ठेवण्यात आणखी एक फायदा आहे. चहा-कॉफीतली द्रव्यं अन्नातलं लोह शोषू देत नाहीत, म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असं सांगितलं आहे. ज्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी हे नक्की पाळावं. त्याच मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा दिली आहे. १५० मिलीलिटरच्या फिल्टर कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम असतं. वर चहाही तुम्ही पिताच, म्हणून फिल्टर कॉफीचे दोन छोटे कप पुरेत, आणि दुसरा दुपारी तीनच्या आत. संध्याकाळचं कॅफिन रात्री झोपेपर्यंत अंगात उरतं.

बिनसाखरेची कॉफी कडू लागते म्हणून माणूस पुन्हा साखरेकडे वळतो. त्यातला बराचसा कडूपणा करण्याच्या पद्धतीतला असतो. चिकोरी कमी असलेली पूड घ्या. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, ८०-२० चालेल, ५३-४७ नको. चिकोरीत कॅफिन नसतं हे खरं, पण तिचा दाट कडवटपणा साखर मागतो. चिकमगळूर-कोडगूच्या बियांची पूड दळून घेत असाल तर अरेबिका जास्त घाला. रोबस्टाच्या मानानं तिच्यात कॅफिन साधारण निम्मं असतं आणि कडूपणाही कमी. दोन कपांसाठी फिल्टरच्या वरच्या भांड्यात १५ ग्रॅम पूड, म्हणजे तीन सपाट मोठे चमचे, घालून दांडीच्या चकतीनं हलकेच बसवा. फार दाबलंत तर पाणी उतरत नाही आणि तळाशी कडू अर्क साचतो. उकळतं पाणी एक मिनिट थांबवून मग १०० मिलीलिटर ओता. पंधरा-वीस मिनिटांत खाली सुमारे ७० मिलीलिटर डिकॉक्शन जमतं. त्याच पुडीवर दुसरं पाणी ओतू नका, त्यात फक्त कडूपणा उतरतो. डिकॉक्शन पुन्हा उकळायचं नाही, दूध कडक तापवून त्यात मिसळायचं. साखर एकदम सुटत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. दोन चमच्यांवरून महिनाभरात शून्यावर येता येतं.

आणि कॉफीबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं? साखर सोडून दोन टोस्ट बुडवले तर सुटलेल्या साखरेपेक्षा जास्त कर्बोदकं आत गेली. सोबत काही हवंच असेल तर मूठभर भाजलेले शेंगदाणे घ्या.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी नीट ऐका. तुमचा डोस गोड कॉफीसकट ठरलेला असू शकतो. साखर बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा. चतुर्थी-एकादशीला गोळी घेऊन नुसत्या काळ्या कॉफीवर राहू नका, शुगर खाली जाईल. थायरॉईडची गोळी घेत असाल तर ती पाण्याबरोबर घ्या आणि कॉफी किमान तासाभरानं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. छातीत धडधड, हाताला कंप आणि घाम आला तर "कॉफी जास्त झाली" म्हणून सोडून देऊ नका, तीच लक्षणं शुगर उतरल्याचीही असतात. लगेच तपासा. ७० च्या खाली असेल तर कॉफी कामाची नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा वर आला नसेल तर परत तेवढीच साखर. वर आल्यावर अर्धी भाकरी किंवा एक इडली खाऊन घ्या आणि त्या दिवशीचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.

नमस्कार.