न कुरकुरणारा पलंग ऐकवायचा कसा?

विषय फळ्यावर आहेच: फर्निचरच्या दुकानाच्या सणासुदीच्या सेलची तीस सेकंदांची रेडिओ जाहिरात, फक्त आवाजावर चालणारी. पण आधी एक तक्रार.

दुकानदार कागद देतो. त्यावर सोफा, पलंग, कपाट, टेबल, सवलत, हप्ते, घरपोच सेवा, पत्ता, दोन फोन नंबर आणि खाली ‘मागे सणाचं संगीत’. हे सगळं नीट वाचायला मिनिट लागतं. मग निवेदक ते दामटतो आणि ऐकणाऱ्यापर्यंत फक्त घाई पोचते. फोन नंबर गाडी चालवणाऱ्याने लिहायचा कुठे, स्टिअरिंगवर? (हशा) आणि ते संगीत! त्या दिवसांत ब्रेकमधल्या निम्म्या जाहिराती तसंच वाजवतात. आधीची कुठे संपली नि तुमची कुठे सुरू झाली, कळत नाही.

खरी अडचण अशी की चांगलं फर्निचर मुकं असतं. सोफ्यावर बसल्याचा ‘धप्प’ स्टुडिओत झकास वाटतो, पण मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून तो खर्ज जवळजवळ येतच नाही. टिकते ती वरच्या पट्टीतली कुरकुर, म्हणजे जुन्या मालाचा दोष. मग तोच आधी वाजवा आणि नवा पलंग आला की बंद करा. मात्र निव्वळ शांतता चालत नाही, लोकांना स्टेशन गेलंसं वाटतं. म्हणून पहिल्यापासून घड्याळाची टिकटिक ठेवायची. कुरकुर थांबली तरी टिकटिक चालू राहते, आणि तेव्हाच शांतता ऐकू येते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर संहिता भराभर सांगतो.

पहिले तीन सेकंद टिकटिक आणि कुर्रर्र. आठपर्यंत कुजबुज: “हलू नकोस, बाळ उठेल!” “मी कुठे हलले? पलंग बोलतोय!” दहापर्यंत बाळाचं रडणं, मग टिकटिक सोडून सगळं कापा. पंधरापर्यंत टिकटिक, चादरीची सळसळ, आणि: “कूस बदललीस?” “दोनदा!” पुढचे बारा सेकंद निवेदकाचे, पंचवीसेक शब्द: दुकानाचं नाव, एकच सवलत, शेवटची तारीख, ओळखीची खूण. नियम-अटी सांगाव्या लागणार असतील तर त्याही यातच बसवा. शेवटचे तीन सेकंद पुन्हा नाव.

‘पलंग’ हा शब्द त्या कुजबुजीत हवाच, नाहीतर कुर्रर्र म्हणजे लोकांना दार वाटतं. ध्वनिमुद्रणासाठी जुनी खुर्ची पुरते. माइक सांध्यापासून वीतभर अंतरावर धरा, लांबून नुसती खोली घुमते. संवादाखाली टिकटिक इतकी हळू ठेवा की एकही अक्षर दबणार नाही.

कच्चं ध्वनिमुद्रण मोबाइलवर, शेजारी नळ सोडून, कुणा त्रयस्थाला एकदाच ऐकवा. “काय विकत होते?” विचारा. उत्तर ‘घड्याळ’ आलं, तर टिकटिक आणखी कमी करा.