आंघोळीच्या पाण्यात इसेन्शियल ऑइल: तेल तरंगते, म्हणूनच त्वचा होरपळते

नमस्कार. हा काचेचा पेला पाहा. यात कोमट पाणी आहे आणि त्यात मी लॅव्हेंडरच्या इसेन्शियल ऑइलचा, म्हणजे वनस्पतीतून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलाचा, एकच थेंब टाकतो आहे. (पेला उजेडासमोर तिरका धरून) थेंब खाली गेला नाही, विरघळलाही नाही. तो पाण्यावर चकचकीत ठिपक्यांच्या रूपात पसरला. आता मी चमच्याने जोरात ढवळतो. क्षणभर पाणी किंचित गढूळ दिसते आणि सगळे मिसळले असे वाटते, पण ढवळणे थांबवून थोडा वेळ गेला की बारीक कण वर येऊ लागतात आणि तेच ठिपके पुन्हा जमतात. बाथटबमध्येही हेच घडते. फरक इतकाच की तिथे त्या ठिपक्यांतून आपण अंग आत घालतो.

यात होणारी फसगत हिशेबाची आहे. दीडशे लिटर पाण्यात सहा थेंब, म्हणजे अंदाजे ०.३ मिलिलिटर तेल टाकले, तर कागदावर हे प्रमाण पाच लाखांत एक भाग इतके क्षुल्लक येते. इतक्या विरळ तेलाने काय होणार, असे कोणालाही वाटेल. परंतु हा हिशेब तेल पाण्यात मिसळते असे गृहीत धरतो, आणि ते तर मिसळतच नाही. इसेन्शियल ऑइलमधील बहुतेक घटक पाण्याशी न जुळणारे असतात, आणि लॅव्हेंडरची घनता पाण्यापेक्षा कमी, साधारण ०.८८ असल्यामुळे ते वर येते. परिणामी खालचे दीडशे लिटर पाणी तेलाला जवळजवळ मुळीच विरळ करत नाही, आणि पृष्ठभागावर असते ते बाटलीतलेच, शंभर टक्के तीव्रतेचे तेल.

तुम्ही पाण्यात उतरता तेव्हा हा थर त्वचेला चिकटतो, कारण त्वचेच्या वरच्या थरातही स्निग्ध पदार्थ असतात आणि तेलाला पाण्यापेक्षा त्यांची जवळीक अधिक असते. त्यातच गरम पाण्याने त्वचा फुगून मऊ झालेली असते, त्यामुळे बाहेरचे पदार्थ आत शिरणे सोपे होते. काखा, जांघा आणि गुप्तांगांजवळची त्वचा नाजूक असल्याने आग बहुधा तिथे आधी जाणवते. ही आग उष्णतेमुळे होत नाही, तर रासायनिक क्षोभामुळे होते. म्हणून पाणी सोसवेल इतके कोमट असले तरीही ती होऊ शकते. पाण्याच्या पातळीपाशी अंगावर लालसर पट्टा उमटला किंवा ठिकठिकाणी लाल चट्टे दिसले, तर तेल न मिसळता थेट लागले आहे असा संशय घ्यावा.

सगळी तेले तरंगतातच असे नाही, हेही सांगायला हवे. लवंगेचे आणि दालचिनीच्या सालीचे तेल पाण्याहून जड असल्यामुळे तळाशी जाते, आणि आपण बसतो ते तळावरच. शिवाय लवंगेतील युजेनॉल आणि दालचिनीतील सिनॅमल्डिहाइड हे मुळातच त्वचेला झोंबणारे घटक आहेत. माझ्या मते ही दोन तेले, आणि त्यांच्याबरोबर थाइम व ओरेगॅनो, आंघोळीच्या पाण्यात मुळीच वापरू नयेत, मग ती कशातही मिसळलेली असोत.

आता दुधाकडे वळू. दुधात थेंब टाका आणि ते दूध टबात ओता, असा सल्ला वारंवार दिला जातो, आणि त्यात थोडे तथ्यही आहे, कारण दुधातील स्निग्धांश तेलाला सामावून घेऊ शकतो. पण साध्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते आणि त्यातील स्निग्धांश आधीच सूक्ष्म कणांच्या रूपात, स्वतःच्या आवरणात बंद असतो. चमच्याने ढवळलेले तेल त्या कणांमध्ये सहजासहजी शिरत नाही. (दुसरा पेला पुढे घेऊन) हे मलईयुक्त दूध आहे. पांढऱ्या रंगामुळे फसायला होते, म्हणून पेला तिरका करून पाहा: कडेला पिवळसर, तेलकट वर्तुळे दिसत आहेत. बंद बरणीत जोरजोरात हलवले तर स्थिती काहीशी सुधारते, पण बरणी दहा मिनिटे स्थिर ठेवून वर तेल जमते का हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. स्निग्धांश काढलेले दूध तर या कामाला निरुपयोगीच. तेल मिठात मिसळून टबात टाकण्याचेही तसेच: मीठ पाण्यात विरघळून जाते आणि तेल मोकळे होऊन पुन्हा वर येते.

खात्रीचा आणि सोपा मार्ग कॅरियर ऑइलचा, म्हणजे बदाम, सूर्यफूल किंवा जोजोबा यांसारख्या सौम्य तेलाचा आहे. एक टेबलस्पून, म्हणजे १५ मिलिलिटर कॅरियर ऑइल वाटीत घ्या, त्यात लॅव्हेंडरचे सहा थेंब टाका आणि नीट मिसळा. हे मिश्रण साधारण २ टक्क्यांचे होते. ड्रॉपरप्रमाणे थेंबाचा आकार बदलतो, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा आहे, पण कामापुरता पुरेसा आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी की हे मिश्रणसुद्धा पाण्यावर तरंगणारच. कॅरियर ऑइल तेलाला पाण्यात विखरत नाही, ते फक्त विरळ करते. तरीही धोका कमी होतो, कारण त्वचेला आता शंभर टक्क्यांऐवजी दोन टक्क्यांचे तेल लागते. टब मात्र निसरडा होतो, तेव्हा आत रबरी चटई हवी आणि उठताना आधार हवा.

तेल खरोखर पाण्यात विखरायचे असेल, तर एक टोक तेलाशी आणि दुसरे पाण्याशी जुळवून घेणारा पदार्थ लागतो. पॉलिसॉर्बेट २० हा त्यासाठीच वापरतात. एक भाग इसेन्शियल ऑइलला चार भाग पॉलिसॉर्बेट घेऊन सुरुवात करावी. काही तेलांना याहून बरेच अधिक लागते. आधी ही दोन्ही एकत्र करावीत, मग त्यांतले थोडे पेलाभर पाण्यात टाकून पाहावे. पाणी स्वच्छ राहिले किंवा सारखे दुधाळ झाले आणि वर ठिपके आले नाहीत, तर प्रमाण जमले. पॉलिसॉर्बेट नसेल तर बिनवासाचा द्रव साबण किंवा शाम्पू एक टेबलस्पून घ्यावा. क्रम मात्र उलटा करू नये: तेल आधी साबणात मिसळावे, आणि मगच ते पाण्यात जावे.

टब भरून नळ बंद केल्यावर, आत उतरण्याच्या अगदी आधी मिश्रण घालावे, नाहीतर वाहत्या गरम पाण्याच्या वाफेबरोबर सुगंध आधीच उडून जातो. बादलीतल्या आंघोळीलाही हाच नियम लागू आहे, कारण तांब्या वरचाच थर उचलतो. लहान मुलांसाठी हा प्रयोग करू नये.

आणि आग सुरू झालीच, तर लगेच पाण्याबाहेर या. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. आधी कोरड्या कापडाने ते टिपून घ्या, चोळू नका, आणि मग सौम्य साबणाने व भरपूर कोमट पाण्याने त्वचा धुवा. तेल डोळ्यात गेले तर डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. त्वचेवर फोड आले, किंवा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, खाज सुटून पुरळ उठले, तरीही त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. जाताना तेलाची बाटली सोबत न्यावी, कारण उशिरा उठणारे पुरळ अनेकदा ॲलर्जीचे असते, आणि तसे असेल तर ते तेल पुढे कितीही विरळ करून वापरले तरी त्रास देऊ शकते.