जनुक आलं कोणत्या वाटेनं?

श्रोतेहो, नमस्कार. नाशिकच्या एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आज एका प्रात्यक्षिकाबद्दल बोलणार आहे. मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडतात आणि धावत मला बोलवायला येतात, असं हे प्रात्यक्षिक आहे.

आम्ही ई. कोलायचे दोन निरुपद्रवी प्रकार घेतो. पहिल्याजवळ प्लाझ्मिड असतं. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राहून वेगळं, डीएनएचं छोटं कडं. त्यावर अँपिसिलिनला दाद न देणारं जनुक आहे. हा दाता. दुसऱ्याकडे प्लाझ्मिड नाही, पण स्ट्रेप्टोमायसिन त्याला मारू शकत नाही. हा ग्राहक. दोघांना एका नळीत एकत्र करायचं, ३७ अंशांवर तासभर न हलवता ठेवायचं आणि मग दोन्ही औषधं घातलेल्या प्लेटवर पसरायचं. एकट्या दात्याला स्ट्रेप्टोमायसिन मारतं, एकट्या ग्राहकाला अँपिसिलिन. तरीही सकाळी प्लेटवर कॉलनी दिसतात.

समजा, मिश्रण शंभर पट पातळ करून त्यातला ०.१ मिली पसरला आणि ६० कॉलनी आल्या. म्हणजे मूळ मिश्रणात मिलीला ६०,००० झाल्या. ग्राहक मिलीला १० कोटी असतील, तर दर दहा हजार ग्राहकांत सहा जणांना तासाभरात प्लाझ्मिड मिळालं.

मोजताना एक चूक हमखास होते. मोठ्या कॉलनीच्या भोवती टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उगवतात आणि मुलं तेही मोजतात. मोठी कॉलनी अँपिसिलिन तोडणारं विकर बाहेर सोडते, त्यामुळे तिच्या आसपास औषध उरत नाही आणि साधे ग्राहकही तिथे वाढतात. त्यांना प्लाझ्मिड मिळालेलं नसतं. शंका आली की ठिपका उचलून ताज्या प्लेटवर रेघायचा; तिथे तो वाढत नाही.

आता खरा प्रश्न असा, की जनुक आलं कोणत्या वाटेनं? वाटा तीन आहेत. मेलेल्या पेशीतून सांडलेला उघडा डीएनए दुसऱ्यानं आत घेतला, तर ते रूपांतरण. जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूनं, म्हणजे फाजनं, चुकून आधीच्या यजमानाचा तुकडा भरून आणला, तर पारक्रमण. आणि दोन पेशी एकमेकींना चिकटून प्लाझ्मिडचा एक धागा पलीकडे सरकला, तर संयुग्मन. धागा पलीकडे गेल्यावर दोन्ही पेशी आपापली जोडी पुरी करतात, म्हणून देणाऱ्याचंही काही कमी होत नाही.

ओळखायचं कसं, तर वाट अडवून पाहायची. एका नळीत डीएनए तोडणारं विकर घालतो. उघडा डीएनए त्यानं नष्ट होतो, पण पेशीच्या किंवा फाजच्या आत असलेल्याला त्याचा धक्का लागत नाही. दुसऱ्या जोडीत दाता आणि ग्राहक यांच्यामध्ये बारीक गाळणी ठेवतो. तिच्यातून पाणी जातं, फाज जातो, जिवाणू जात नाही. आमच्या प्रयोगात विकरानं फरक पडत नाही आणि गाळणी लावली की प्लेट कोरी राहते. म्हणजे स्पर्श हवाच, हे संयुग्मन.

बर्नार्ड डेव्हिस यांनी १९५० साली यू आकाराच्या नळीत गाळणी बसवून ई. कोलायबद्दल हेच दाखवलं होतं. पुढे झिंडर आणि लेडरबर्ग साल्मोनेलामध्ये संयुग्मन शोधत होते. त्यांना गाळणीच्या पलीकडेही गुण पोचलेले दिसले, आणि विकरानंही ते थांबेनात. राहिला फक्त फाज! १९५२ साली पारक्रमण जगापुढे आलं, ते अपेक्षेविरुद्ध आलेल्या या निकालामुळेच. मला विज्ञानातला हा प्रसंग फार आवडतो.

एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, "मॅडम, गंगेवर, घाटाच्या दगडांवर जो बुळबुळीत थर असतो, त्यातही हे होत असेल का?" प्रश्न नेमका होता. वाहत्या पाण्यात पेशी विखुरलेल्या असतात, पण त्या थरात त्या दाटीवाटीनं बसतात. संयुग्मनाला लागतो तो स्पर्श तिथे आयताच मिळतो. ती लगेच म्हणाली, "पण पाणी ३७ अंशांचं कुठे असतं?"

इथे उत्तर प्लाझ्मिडवर अवलंबून आहे. बऱ्याच प्लाझ्मिडना ऊब मानवते. पण विषमज्वराच्या जिवाणूंत अनेक औषधांना दाद न देणारी जनुकं वाहणारा एक प्लाझ्मिडांचा गट आहे, तो २२ ते ३० अंशांच्या दरम्यान चांगला पसरतो आणि ३७ला जवळजवळ थांबतो. अशा प्लाझ्मिडची परीक्षा नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये घेतली, तर प्लेट कोरी येईल आणि आपण लिहून मोकळे होऊ, की हे पसरत नाही. म्हणून आता आम्ही नळ्यांच्या दोन जोड्या लावतो: एक इन्क्युबेटरमध्ये, आणि दुसरी खिडकीजवळच्या टेबलावर, शेजारी थर्मामीटर ठेवून.