कान ऐकतात, डेटा मात्र डोळ्यांसाठी जातो

मंडळी, एका साध्या हिशेबापासून सुरुवात करतो. एक तासाची मुलाखत आहे. दोन माणसं समोरासमोर बसून बोलताहेत. हीच मुलाखत तुम्ही नुसती ऐकलीत आणि आवाज १२८ केबीपीएसचा असेल, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट येत असतील, तर तासाभरात साधारण ५८ एमबी डेटा जातो. केबीपीएसच्या आकड्याला ०.४५ ने गुणलं की तासाला किती एमबी लागतात ते कळतं, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. आता तीच मुलाखत ७२०पी व्हिडिओत लावा. चित्राला २००० केबीपीएस लागतात असं धरू. नुसत्या चित्राचे ९०० एमबी झाले, आणि आवाजाचे ५८ त्यावर आहेतच. म्हणजे सोळापटीहून जास्त. आणि तुम्ही त्या वेळात भांडी घासत होतात, फोन ओट्यावर पडलेला होता.

आवाज दोन्हीकडे सारखाच आहे, हे नीट ध्यानात घ्या. व्हिडिओ पाहिल्याने तो सुधारत नाही. बहुतेक मोठ्या सेवा चित्र आणि आवाज वेगवेगळ्या प्रवाहांत पाठवतात, म्हणून चित्राचा प्रवाह थांबवला तरी आवाजाला धक्का लागत नाही.

म्युझिक व्हिडिओ तर मुलाखतीपेक्षाही खादाड असतो. चित्राचा डेटा कमी करण्याची युक्ती अशी असते की आधीच्या चौकटीत, म्हणजे क्षणापूर्वीच्या चित्रात, आणि या चौकटीत जो फरक पडला, तेवढाच पाठवायचा. मुलाखतीत मागची भिंत हलत नाही, माणसाचे ओठ आणि हात तेवढे हलतात, त्यामुळे फरक थोडा. गाण्यात दर दोन सेकंदांना दृश्य बदलतं, धूर येतो, पाऊस येतो, शंभर माणसं एकदम नाचतात. फरक इतका मोठा की जुन्या चौकटीचा काही उपयोगच उरत नाही. चार मिनिटांचं गाणं १६० केबीपीएसने ऐकलंत तर पाच एमबीच्या आत आटपतं. त्याच्याच व्हिडिओला २५०० केबीपीएस लागले, तर नुसतं चित्र ७५ एमबी घेतं. आवडतं गाणं आपण एकदाच लावत नाही, पाचदा लावतो, आणि पुष्कळदा दर वेळी ते नव्याने उतरवलं जातं.

यात एक गैरसमज फार आढळतो. स्क्रीनचा उजेड शून्यावर आणला, फोन पालथा ठेवला किंवा व्हिडिओ कोपऱ्यातल्या लहान चौकटीत टाकला, म्हणजे चित्र बंद झालं असं लोकांना वाटतं. माझी आई कित्येक महिने प्रवचनं अशीच ऐकत होती, फोन पदराखाली झाकून. चित्र येतच होतं. त्या लहान चौकटीतही व्हिडिओ चालूच असतो.

मग करायचं काय? यूट्यूब म्युझिकमध्ये गाणं सुरू असताना वर Song आणि Video असे दोन पर्याय काही वेळा दिसतात. ते दिसले तर Song निवडा. पैसे भरणाऱ्या सदस्यांना म्युझिक व्हिडिओ मुळीच लावू नयेत असं सेटिंगमध्येही सांगता येतं. पॉडकास्टचं माझं मत स्पष्ट आहे: आधी त्याची ऑडिओ आवृत्ती शोधा. बरेच कार्यक्रम दोन्हीकडे टाकलेले असतात, आणि पॉडकास्टच्या ॲपमध्ये मिळणारा भाग बहुधा साधी एमपी३ फाइल असतो. ॲपच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ पॉडकास्ट फक्त आवाजाने चालवण्याची किंवा उतरवण्याची सोय असेल तर ती चालू करा. या सेटिंगांची जागा ॲप अद्ययावत झालं की बदलते, म्हणून अधूनमधून पुन्हा पाहा.

आणि कार्यक्रम फक्त व्हिडिओतच असेल तर? तेव्हा दर्जा ‘ऑटो’वर ठेवू नका. ‘ऑटो’ तुमच्या पाकिटाकडे पाहत नाही, नेटच्या वेगाकडे पाहतो. वेग चांगला मिळाला की दर्जा वाढवतो. हाताने १४४पी निवडा. चित्र धूसर दिसेल, पण ऐकणाऱ्याला त्याचं काय? त्या दर्जाला चित्राचा खर्च आवाजाच्या खर्चाजवळ येतो.

सेटिंग खरंच लागू झालं का, हे मोजून पाहा. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपने किती मोबाइल डेटा वापरला ते दिसतं. वाय-फाय बंद करून आकडा टिपा, दहा मिनिटं ऐका, पुन्हा आकडा पाहा. दोन मिनिटांवर निष्कर्ष काढू नका, कारण ॲप सुरुवातीला पुढचा भाग आधीच ओढून ठेवतं. १२८ केबीपीएसचा आवाज दहा मिनिटांत दहा एमबीच्या आसपास खातो. आकडा शंभराच्या पुढे गेलेला दिसला, तर चित्र अजून येतंय. आईच्या फोनवर आम्ही असंच मोजलं: आधी दीडशेच्या वर, ऑडिओ लावल्यावर अकरा. आता प्रवचन चालू असताना तिचा फोन टेबलावर उघडाच असतो, स्क्रीन काळी.