व्याजावर टॅक्स वाचतो, पण किती?

नमस्कार मंडळी. आज एकाच माणसाचा हिशोब सांगतो. वसई पूर्वेला त्याचा गाळा आहे, प्रेसवर गाड्यांचे पत्र्याचे पार्ट मारतो, ऑर्डरी वाढल्यात आणि जागा पुरत नाही. शेजारचा गाळा आणि दोन मोठे प्रेस घ्यायला 10 कोटी लागणार होते. माझ्याकडे प्रोजेक्ट रिपोर्ट बनवायला आला तेव्हा म्हणाला, "साहेब, सगळं लोनच घेऊ, व्याजावर टॅक्स वाचतो ना, भागीदार आणला की डोक्याला ताप."

त्याचं अर्धं बरोबर आहे. व्याज हा खर्च धरतात, म्हणून तेवढ्यावर टॅक्स लागत नाही, आणि भागधारकाला जो लाभांश देता तो टॅक्स भरून झाल्यावरच्या नफ्यातून. कंपनीचा टॅक्स सरचार्ज, सेस धरून साधारण 25.17 टक्के पडतो, म्हणजे शंभर रुपये व्याजामागे पंचवीस रुपये सरकार सोडतं. पण उरलेले पंचाहत्तर तुमच्याच खिशातून जातात हे लोक सोयीस्कर विसरतात.

आता आमच्यात वाद होता तो वरच्या 5 कोटींचा. पहिले 5 कोटी लोन घ्यायचं हे दोघांनाही मान्य होतं, पुढचे 5 पण लोन की भांडवल? दर 11 टक्के, फेड पाच वर्षांत. पहिल्या वर्षी या 5 कोटींवर व्याज 55 लाख, टॅक्स वाचला जवळजवळ 14 लाख. छान वाटतं. पण मुद्दल दरवर्षी एक कोटीने उतरतंय, त्यामुळे व्याज पण उतरतं, आणि पाचव्या वर्षी टॅक्स वाचतो जेमतेम पावणेतीन लाख. पाच वर्षांची बेरीज साधारण साडेएकेचाळीस लाख. रिपोर्टमध्ये पहिल्या वर्षाचा आकडा पाचने गुणून ठेवणारे मी खूप पाहिलेत, आमच्याच धंद्यातले आहेत, काय बोलणार.

दुसऱ्या पारड्यात काय, तर वाईट वर्ष. समजा मोठ्या गिऱ्हाईकाने शेड्युल कापलं, म्हणजे माल कमी मागवला, आणि व्याज, घसारा, टॅक्सच्या आधीची कमाई अडीच कोटींवर आली. पूर्ण 10 कोटी लोन असेल तर पहिल्या वर्षी मुद्दल 2 कोटी, व्याज 1 कोटी 10 लाख, वर सीसीचं, म्हणजे रोजच्या खर्चासाठी बँकेतून उचलायच्या कॅश क्रेडिटचं, व्याज 20 लाख, झाले 3 कोटी 30 लाख. 80 लाख कमी पडतात! आणि गंमत बघा, अशा वर्षी घसारा आणि व्याज वजा केलं की नफाच उरत नाही, मग टॅक्स कशावर वाचणार? तोटा पुढच्या वर्षांत ओढता येतो, बँकेचा हप्ता नाही ना ओढता येत. तेच लोन 5 कोटी असेल तर देणं पावणेदोन कोटी, टॅक्स भरून 70 लाखांच्या आसपास हातात राहतात.

बरं, नुकसान काय फक्त त्या 80 लाखांचं नसतं. आधी कळतं कॉइलवाल्याला, म्हणजे पत्रा उधारीवर देणाऱ्याला. पंचेचाळीस दिवसांची उधारी नव्वदवर गेली की तो म्हणतो आता रोखीत घ्या, मग सीसी लिमिट कायम फुल, जीएसटी उशिरा, ऑर्डर असून पत्रा नाही म्हणून प्रेस बंद, चांगला डायमेकर बाजूच्या गाळ्यात जातो. हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, पण तोवर धंद्याचं बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. आमच्या माणसाच्या बाबतीत आम्ही दोघांनी बसून हे नुकसान अंदाजे 3 कोटी धरलं.

मग त्याला विचारलं, "साडेएकेचाळीस लाखांसाठी त्याच्या सातपट, 3 कोटींचा धोका, म्हणजे असं वर्ष यायची शक्यता सातात एकापेक्षा कमी आहे का?" तो थोडा वेळ गप्पच. त्याचा साठ टक्के माल एकाच गिऱ्हाईकाला जातो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहिती होतं. दहा-बारा गिऱ्हाइकं असती, नफा दरवर्षी सारखा असता, तर मी स्वतः म्हटलं असतं घे लोन, कारण भांडवलही फुकट येत नाही, गुंतवणूकदाराला व्याजापेक्षा जास्त परतावा हवा असतो आणि धंदा चांगला चालला तर तो हिस्सा फार महाग पडतो.

शेवटी चुलतभावाने 5 कोटी घातले, अठरा टक्क्यांच्या वर हिस्सा गेला. सही करताना पठ्ठ्याने पेन दोनदा खाली ठेवलं, आणि बँकेशी बोलून फेड पाचाची सात वर्षं करून घेतली, टॅक्सचा विषय त्या दिवशी कुणी काढलाच नाही.